आगगाडीच्या डब्यांतील ओळख

पायीं प्रवासाच्या काळीं वाटेंतल्या ओळखीला एक मोठी सोय होती. पंढरीच्या वाटेवर किंवा काशीयात्रेला निघालेल्या माणसाला सोबत हवी असे, आणि ती तो पारखून घेई. सोबती पटला तर बरोबर चालावें, धर्मशाळेंत शेजारीं बिछाना पसरावा. न पटला तर पाऊल जरा उचलावें, किंवा झाडाखालीं घटकाभर टेकून त्याला पुढें जाऊं द्यावें. असें केलें म्हणजे कोणाचेंहि मन न दुखवितां संभाषण संपत असे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढील कांहीं दशकांत लोहमार्ग देशभर पसरले, तेव्हां ही सोय नाहींशी झाली. आगगाडींत शेजारीं कोण बसावें हें उतारूच्या हातीं नसतें. आणि शेजारी कसाहि असला तरी पुढचें स्टेशन येईपर्यंत उठून चालूं लागतां येत नाहीं.

सहप्रवाशाला प्रथम कोणी हांक द्यावी, आणि बोलणें कोठपर्यंत न्यावें, हा प्रश्न या अडचणींतून जन्मास आला. घरीं आलेल्या पाहुण्याला उठून जातां येतें, बाजारांत भेटलेल्या माणसाला काम आहे म्हणून सांगतां येतें. चालत्या गाडींत मात्र बोलणें ऐकणारा बोलणाऱ्याच्या एका अर्थानें ताब्यांत असतो. या ताब्याचा उपयोग कोणी कसा केला, हें तीन निरनिराळ्या प्रसंगांवरून चांगलें दिसून येतें.

त्यांपैकीं पहिला प्रसंग इंग्लंडांतला आहे, आणि तो समजण्यासाठीं तेथील जुन्या डब्याची रचना डोळ्यांपुढें आणली पाहिजे. आगगाडी निघाली तेव्हां तिच्या पहिल्या वर्गाचे डबे बांधणाऱ्या कारागिरांपुढें नमुना होता तो घोड्यांच्या टपालगाडीचा. त्यांनीं तशा गाड्यांचे तीन-चार खण एका सांगाड्यावर ओळीनें बसविले. प्रत्येक खणांत समोरासमोर दोन बांक, आणि दोन्ही बाजूंस थेट बाहेर उघडणारीं दारें. एका खणांतून दुसऱ्या खणांत जाण्यास वाट नव्हती. गाडी सुटली कीं खण म्हणजे चालती कोठडीच होई. टपालगाडींत चार माणसें दिवसभर एकत्र हेलकावे खात, वाटेंतल्या खाणावळींत एकत्र जेवीत, आणि आपोआप बोलूं लागत. आगगाडीचा प्रवास जलद. दर स्टेशनाला माणसें बदलावयाचीं. अशा वेळीं समोरच्याकडे पाहावें तरी अवघड आणि न पाहावें तरी अवघड. जॉर्ज सिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हीच गोष्ट नेमकी नोंदली. त्याचें म्हणणें असें कीं, आगगाड्या व ट्राम येण्यापूर्वीं माणसांवर एकमेकांकडे मिनिटेंच्या मिनिटें, तासचे तास पाहत बसूनहि एक शब्द न बोलण्याची पाळी कधीं आली नव्हती. इंग्रज उतारूंनीं यावर पुस्तकाचा तोडगा काढला. १८४८ सालीं लंडनच्या यूस्टन स्टेशनावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांचें पुस्तकांचें दुकान निघालें. हातांत उघडें पुस्तक असणें म्हणजे आपणांस बोलावयाचें नाहीं असें न बोलतां सांगणें, अशी खूणच तेथें रूढ झाली.

या मौनांत पुढें भीतीची भर पडली. ९ जुलै १८६४ च्या रात्रीं टॉमस ब्रिग्ज नांवाचे एक वयस्क पेढीवाले लंडनमध्यें पहिल्या वर्गाच्या खणांतून घरीं परतत असतां लुटले व मारले गेले. शेजारच्या खणांतील माणसांना मदतीला येतां आलें नाहीं, कारण येण्यास वाटच नव्हती. या खुनाबद्दल फ्रान्झ म्यूलर या इसमास त्याच वर्षीं फांशीं देण्यांत आलें. पुढें १८६८ च्या कायद्यानें, वीस मैलांहून अधिक अंतर न थांबतां जाणाऱ्या प्रत्येक गाडींत उतारूंना गाडीच्या नोकरांस इशारा देण्याचें साधन असावें असें ठरलें. आज आपण जिला सांखळी म्हणतों, तिच्यामागें हा इतिहास आहे.

तरीहि साधन असणें आणि तें चालणें यांत अंतर असतें, हें १७ जून १८७५ या दिवशीं दिसून आलें. बावीस वर्षांची एक तरुणी मिडहर्स्टहून लंडनला एकटी निघाली होती. लिफूक स्टेशनावर तिच्या खणांत कर्नल व्हॅलेंटाइन बेकर चढले. बेकर हे नामांकित घोडदळ अधिकारी, युवराजांच्या स्नेहमंडळांतले, वय अठ्ठेचाळीस. त्यांनीं बोलण्यास आरंभ केला, आणि तो आरंभ सर्वथा रीतीस धरून होता. नाटकें, आल्डरशॉटची लष्करी छावणी, असे विषय निघाले. तरुणीनेंहि मोकळेपणानें उत्तरें दिलीं. वोकिंग स्टेशन येईपर्यंत त्या खणांत कोणी तिसरा मनुष्य असता तर त्याला हरकत घेण्याजोगें कांहीं आढळलें नसतें.

वोकिंगनंतर गाडी बराच वेळ थांबणार नव्हती. तेथून बोलण्याची जात पालटली. बेकर यांनीं खिडकी लावून घेतली, आणि तिचें नांव विचारलें. तिनें तें सांगण्याचें नाकारलें. पुन्हां भेट होईल काय, पत्र लिहिलें तर चालेल काय, असे प्रश्न झाले; त्यांनाहि नकार मिळाला. मग ते तिच्या शेजारीं येऊन बसले, आणि त्यांनीं तिच्या अंगास हात लावला. तरुणीनें इशाऱ्याची घंटा वाजविण्याचा प्रयत्न केला, पण ती मोडलेली होती. तेव्हां तिनें दार उघडलें, आणि धांवत्या गाडीच्या बाहेरील फळीवर उभी राहून, दाराला धरून तिनें सुमारें पांच मैल काढले. अखेर लोकांचें लक्ष गेलें आणि एशरजवळ गाडी थांबली.

ऑगस्टमध्यें क्रॉयडन येथें खटला चालला. तिची उलटतपासणी करूं नये असें बेकर यांनींच आपल्या वकिलास सांगितलें होतें. एक वर्ष कैद व पांचशें पौंड दंड अशी शिक्षा झाली, आणि इंग्लंडच्या सैन्यांतून त्यांचें नांव गेलें. पुढील आयुष्य त्यांनीं तुर्कस्तान व इजिप्त येथील नोकरींत घालविलें. न्यायालयापुढें प्रश्न गुन्ह्याचा होता. संभाषणाच्या इतिहासाला मात्र त्या प्रवासांतला त्याआधींचा क्षण अधिक महत्त्वाचा आहे. नाटकांविषयींचे प्रश्न असे होते कीं, त्यांचें उत्तर देतांना तरुणीला स्वतःचें कांहीं द्यावें लागत नव्हतें. नांवाचा प्रश्न निराळ्या जातीचा होता. गाडींतून उतरल्यानंतरहि तिच्यापर्यंत पोंचण्याचा तो मार्ग होता. तिनें एकदां नाहीं म्हटलें, तेथें बोलण्याची हद्द आंखली गेली होती. पुढें जें झालें तें ही हद्द न मानल्यामुळें झालें.

हिंदुस्थानांत या प्रश्नाचें रूप पहिल्यापासून वेगळें होतें. येथील बहुसंख्य उतारू तिसऱ्या वर्गाचे, आणि तिसऱ्या वर्गांत एकटें सांपडण्याची भीति नव्हती. भीति होती ती चेंगरण्याची. १२ सप्टेंबर १९१७ रोजीं महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला मेलनें निघाले. तिकिटाला तेरा रुपये नऊ आणे पडले. डब्यावर बावीस उतारूंची मर्यादा लिहिलेली होती, आणि प्रवास दोन रात्रींचा होता. पुण्यापर्यंत बाविसांहून अधिक माणसें आंत आलीं नाहींत, याचें कारण आंतल्या धीट उतारूंनीं दार अडवून धरलें हें होतें. रायचूरनंतर तेंहि चालेना. रात्रीचा बहुतेक वेळ त्या डब्यांत पस्तीस माणसें होतीं. कोणी घाणींत जमिनीवर पडलेलीं, कोणी उभीं. मारामारी होण्याचा एक प्रसंग आला, तो कांहीं वडीलधाऱ्या उतारूंनीं मध्यें पडून टाळला. गांधीजींनीं ही हकीकत लगेच प्रसिद्ध केली. अशा डब्यांत सहप्रवाशाला करावयाचा पहिला नमस्कार म्हणजे गांठोडें मांडीवर घेऊन त्याला टेकण्यापुरती जागा करून देणें. आणि तेथें बोलण्याचें पहिलें काम भांडण निवविण्याचें. नांव-गांव त्यानंतर.

सरकारनेंहि या देशांतल्या डब्यांतील वागणुकीला कायद्यांत जागा दिली होती. १८९० च्या रेल्वे कायद्यानें १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडींत खालच्या वर्गाचा निदान एक खण केवळ स्त्रियांसाठीं राखून ठेवणें भाग पडलें. गाडी पन्नास मैलांहून दूर जाणारी असेल तर अशा एका खणाला शौचकूप असलाच पाहिजे, असेंहि त्यांत होतें. त्याच कायद्यांत आणखी एक बारीक कलम होतें. धूम्रपानासाठीं राखलेल्या खणाखेरीज इतरत्र, त्या खणांतील सहप्रवाशांच्या संमतीवांचून विडी-चिरूट ओढणें हा दंडास पात्र अपराध ठरविला होता. म्हणजे विडी पेटविण्यापूर्वीं शेजाऱ्याला विचारण्याचें एक वाक्य कायद्यानेंच उतारूच्या तोंडीं घातलें. या कायद्याची जागा १९८९ सालच्या कायद्यानें घेतली. परंतु अनोळखी माणसाशीं बोलण्याची खरोखर गरज केव्हां असते, याचें उत्तर त्या जुन्या कलमांत आहे. आपल्या कृतीचा त्रास दुसऱ्याला होणार असेल तेथें विचारणें हें कर्तव्य आहे. तेथें मौन हा शिष्टाचार होत नाहीं.

मात्र आपल्याकडील उतारूंची खरी संवय कर्तव्यापुरतें बोलून थांबण्याची नव्हती. कोठून आलांत, कोठें जाणार, मुलेंबाळें किती, हे प्रश्न शेंगांच्या पुडीबरोबरच पुढें होत. यांत आपुलकी होती हें नाकारतां येत नाहीं. दूरच्या प्रवासांत बिऱ्हाडाचा पत्ता, बदलावयाची गाडी, आजाऱ्याला औषध, अशा किती तरी गोष्टी या चौकशींतून साधत. तथापि या प्रश्नमालिकेंत एक प्रश्न असा होता कीं, त्याच्या उत्तरावर पुढची सारी आपुलकी अवलंबून असे. आपण कोण? मराठी मुलखांत तो आडनांवाच्या आडून येई. आणि त्याचा अर्थ जात कोणती, एवढाच असे.

या प्रश्नानें काय होऊं शकत असे हें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या लहानपणच्या एका आठवणींत लिहून ठेवलें आहे. हा दुसरा प्रसंग. १९०१ च्या सुमाराची ही गोष्ट. सातारा येथें राहणारीं त्यांच्या घरचीं मुलें उन्हाळ्याच्या सुटींत वडिलांकडे जावयास निघालीं. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. आगगाडीचा हा त्यांचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनावर तीं उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें, कारण येत असल्याचें पत्र वडिलांना पोंचलें नव्हतें. संध्याकाळ होत आलेली. स्टेशनमास्तरांनीं मुलांची आस्थेनें विचारपूस केली. कपड्यांवरून तीं ब्राह्मणांचीं मुलें असावींत असें त्यांना वाटलें होतें. मग नेहमींच्या रीतीप्रमाणें त्यांनीं विचारलें, तुम्ही कोण? लहानग्या भीमरावांनीं क्षणाचाहि विचार न करतां महार असें सांगून टाकलें. स्टेशनमास्तरांचा चेहरा एकदम पालटला, आणि ते आपल्या खोलींत निघून गेले. मुलें जेथल्या तेथें उभीं राहिलीं. बाहेरच्या गाडीवानांपैकीं कोणी त्यांना न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडें देऊन, आणि बैल मुलांनींच हांकावे, गाडीवानानें बरोबर पायीं चालावें, या अटीवर एक गाडी मिळाली.

हा प्रसंग डब्याबाहेरचा, फलाटावरचा आहे. पण प्रश्न तोच आहे. इंग्लंडांत नांव विचारणें हें अतिप्रसंगाचें पहिलें पाऊल ठरलें. येथें तें माया आटविणारें ठरलें. दोन्ही ठिकाणीं विचारणाऱ्याचें कांहीं गेलें नाहीं, आणि उत्तर देणाऱ्यावर सारें ओझें पडलें. ज्या माणसाला उत्तर देणें धोक्याचें असेल त्याला दोनच मार्ग उरतात: खोटें बोलणें किंवा अपमान सोसणें. लांबच्या प्रवासांत, जेथें रात्रभर एकाच बांकावर काढावयाची असते, तेथें तर हे दोन्ही मार्ग अधिकच कठीण. म्हणून सहज विचारलेला प्रश्नहि सहज नसतो.

तिसरा प्रसंग या दोहोंहून निराळा आहे, आणि तो आगगाडींतच घडला. सुमारें १८९२ सालीं लोकमान्य टिळक मुंबईहून पुण्यास परत येत होते. व्हिक्टोरिया टर्मिनसवर ते बसले होते त्या डब्यांत एक संन्यासी चढला. त्याला पोंचवावयास कांहीं गुजराती गृहस्थ आले होते. त्यांनीं दोघांची रीतसर ओळख करून दिली, आणि पुण्यास असेपर्यंत आपण टिळकांकडेच उतरावें असें त्या संन्याशास सुचविलें. टिळकांनीं स्वतःच ही आठवण पुढें सांगितली आहे. संन्याशाजवळ पैसा मुळींच नव्हता. एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रें आणि कमंडलु एवढाच संसार. ज्या गांवीं जावयाचें तेथलें तिकीट कोणी तरी काढून देई. पुण्यास पोंचल्यावर तो टिळकांच्या बिऱ्हाडीं, सदाशिव पेठेंतील विंचूरकरांच्या वाड्यांत, आठदहा दिवस राहिला. नांव विचारलें तेव्हां आपण संन्यासी आहों, एवढेंच त्यानें सांगितलें.

येथें टिळकांनीं काय केलें हें पाहण्यासारखें आहे. प्रश्न त्यांच्याकडूनहि झाला. तो होणें स्वाभाविक होतें, कारण पाहुणा घरांत राहत होता. परंतु उत्तर अपुरें मिळालें म्हणून आदरातिथ्य आंखडलें नाहीं. दोघांचें बोलणें अद्वैत व वेदान्त यांवर चालत राहिलें. एके संध्याकाळीं हिराबागेंतील डेक्कन क्लबांत दोघे गेले असतां काशीनाथ गोविंद नातू यांचें तत्त्वज्ञानावर भाषण झालें. त्यावर हा संन्यासी उठला, आणि त्यानें अस्खलित इंग्रजींत विषयाची दुसरी बाजू मांडली. ऐकणारे चकित झाले. त्यानंतर लवकरच तो निघून गेला. इतक्या दिवसांच्या सहवासांत त्याचें नांव कळलें नाहीं, आणि त्यावांचून कांहीं अडलेंहि नाहीं.

१८९३ सालीं शिकागो येथें सर्वधर्मपरिषद भरली. ती गाजवून स्वामी विवेकानंद कांहीं वर्षांनीं स्वदेशीं परतले, तेव्हां वर्तमानपत्रांतून त्यांचें चित्र टिळकांच्या पाहण्यांत आलें. चेहरा ओळखीचा वाटला. आपल्याकडे राहिलेला संन्यासी हाच असावा, असें वाटून टिळकांनीं तसें पत्र पाठविलें, आणि कलकत्त्यास जातांना पुण्यास यावें अशी विनंती केली. तो संन्यासी मीच, असें स्वामीजींचें प्रेमळ उत्तर आलें. मात्र त्या वेळीं पुण्यास येणें जमत नसल्याबद्दल त्यांनीं खेद कळविला होता. जें नांव आठदहा दिवसांत मागून मिळालें नव्हतें, तें वेळ आल्यावर असें आपण होऊन मिळालें. तें पत्र आज उपलब्ध नाहीं. १८९७ च्या खटल्यानंतर इतर कागदपत्रांबरोबर तेंहि नष्ट झालें असावें, असें टिळकांनीं म्हटलें आहे.

या तीन प्रसंगांत आरंभाची रीत फारशी वेगळी नाहीं. बेकर, मसूरचे स्टेशनमास्तर आणि टिळक, तिघांचेंहि पहिलें बोलणें सभ्यपणाचें होतें. फरक पडला तो नांवाच्या प्रश्नानंतर. बेकर यांनीं नकार जुमानला नाहीं. स्टेशनमास्तरांनीं उत्तर ऐकून पाठ फिरविली. टिळकांनीं अर्धें उत्तर पुरें मानलें. गाडींतील ओळखीचें माप या एका ठिकाणीं लागतें. वाटेची, हवेची, जागेची, पुढच्या स्टेशनाची गोष्ट कोणीहि कोणाशीं बोलावी. त्यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. नांव, गांव, जात, पगार, घरचा पत्ता यांकडे बोलणें वळलें, तर तें दुसऱ्यानें आपण होऊन वळवावें, हें बरें. आणि त्यानें एका शब्दांत उत्तर दिलें, खिडकीबाहेर पाहिलें किंवा पुस्तक उघडलें, तर पायीं प्रवासांत पाऊल उचलणाऱ्याची जी खूण असे, तीच ही आहे असें समजावें.

इंग्लंडांत १८९२ सालीं, म्हणजे टिळकांना तो संन्यासी भेटला त्याच सुमारास, ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आंतून जातां येईल अशी गाडी सुरू केली. आज हिंदुस्थानांतील लांब पल्ल्याच्या गाड्यांचे बहुतेक डबेहि एकमेकांस जोडलेले असतात, आणि खणांना दारें क्वचितच असतात. पण रात्रीं झोंपण्याची जागा तिकिटावर ठरलेली असते, आणि शेजारी अजूनहि निवडतां येत नाहीं. उठून जाण्याची जी वाट कारागिरांनीं डब्यांत करून दिली, ती बोलण्यांत ठेवण्याचें काम अजूनहि उतारूकडेच आहे.